चौथ्या दिवशी कोसळणारं वेळापत्रक

*बाई, मी देवगड तालुक्यातल्या एका गावात दहावीत आहे. परीक्षेला ४२ दिवस आहेत. भाषा सोडून सगळे धडे मोजले तर ५६ झाले, म्हणून रोज दीड धडा असं वेळापत्रक केलं. तीन दिवस बरं चाललं. चौथ्या दिवशी वर्गसमीकरणं आली आणि ती तीन दिवस झाली तरी संपेनात, मग पुढचं सगळंच घसरलं. नवं वेळापत्रक केलं, तेही तसंच गेलं. रोज सहा तास ठरवते, होतात तीन-साडेतीन. त्यात मोहोरावर फवारणी असली की दादांबरोबर बागेत जावं लागतं, आणि जत्रा कधी ते अजून ठरायचंय. पूर्वपरीक्षेत बीजगणितात ४० पैकी १७ मिळाले. शाब्दिक उदाहरणं जमत नाहीत, अर्थनियोजन तर कळतच नाही, सांख्यिकीत आकडे चुकतात. रेषीय समीकरणं आणि संभाव्यता येतात. आजी म्हणते, "किती रेघो मारतंस त्या कागदार!" धडे दिवसांत वाटायचे तरी कसे?*
*— स., देवगड तालुका*

अगं, आजीचं थोडं बरोबर आहे. रेघा तू चांगल्या मारल्यास, पण मोजायला माप चुकीचं घेतलंस. धडा हे माप नव्हे. संभाव्यता हाही एक धडा आणि वर्गसमीकरणं हाही एकच. एकीला तुला तासभर पुरेल, दुसरीला चार दिवस लागतील, आणि परीक्षेत दोन्हींचे गुणही सारखे नाहीत. नारळ आणि सुपारी एकाच टोपलीत घालून नगावर विकावी तसं हे झालं.

तुझ्या सगळ्या विषयांचं गणित इथे मांडत बसत नाही. एकच पेपर पूर्ण सोडवून दाखवते, गणित भाग १, म्हणजे आपलं बीजगणित. तो हातात आला की बाकीचे तुझे तुला येतील. शिवाय तू १७ गुणांवर तिथेच अडलीस.

आधी वेळ किती आहे ते खरं खरं मोजू. ठरवलेले सहा तास विसर. होतात ते साडेतीन तास, तेच खरे. पन्नास मिनिटांची एक बैठक धर. शाळेच्या दिवशी चार बैठका, रविवारी सहा. आठवड्याच्या झाल्या ३०. सहा आठवड्यांपैकी शेवटचा आठवडा पूर्ण पेपर सोडवायला बाजूला ठेव, त्यात नवा धडा घालायचा नाही. उरले पाच आठवडे, म्हणजे १५० बैठका. यातल्या ३० आत्ताच सोडून दे. त्या रिकाम्या. त्यांच्यावर काहीही लिहायचं नाही, का ते शेवटी सांगते. वाटायला उरल्या १२०.

या १२० सहा विषयांत समान वाटल्या तर प्रत्येकी २० येतात. पण तुझी हिंदी-मराठी बरी दिसतेय (पत्रात शुद्धलेखनाच्या दोनच चुका आहेत, त्याही मी सोडून दिल्या), म्हणून मी अशा वाटेन: गणिताला ३२, विज्ञानाला २६, इतिहास-भूगोलाला २०, इंग्रजीला १८, आणि हिंदी-मराठीला प्रत्येकी १२. बेरीज करून बघ, १२०च येते. गणिताच्या ३२ पैकी निम्म्या भूमितीला गेल्या. बीजगणिताला उरल्या १६ बैठका. सहा धडे, सोळा बैठका.

आता कुठल्या धड्याला किती? त्यासाठी प्रत्येक धड्याचे दोन आकडे लागतात: परीक्षेत त्याला किती गुण, आणि तुला तो किती अवघड.

पहिला आकडा तयार मिळतो. पर्यायी प्रश्न धरून पेपर ६० गुणांचा असतो, त्यातले ४० सोडवायचे. या ६० मध्ये दोन चलांतील रेषीय समीकरणांना १२, वर्गसमीकरणांना १२, अंकगणिती श्रेढीला ८, अर्थनियोजनाला ८, संभाव्यतेला ८ आणि सांख्यिकीला १२ असा भार धरलेला असतो. एखाद्या पेपरात गुण-दोन गुण इकडचे तिकडे होतात, पण वाटपाला एवढं पुरे. मोठे आकडे नकोत म्हणून सगळ्यांना चाराने भाग: ३, ३, २, २, २, ३.

इथे वर्गातलं कोणीतरी तुला सांगेल, "वीस गुण पर्यायात जातात ना, मग अर्थनियोजन आणि संभाव्यता सोडूनच दे, सोळाच तर गुण आहेत." ऐकू नकोस. पर्याय पूर्ण पेपरात मिळून नसतात, ते एकेका प्रश्नाच्या आत असतात. पहिल्या प्रश्नाचे आठही गुण सक्तीचे, एक एक गुणाचे आठ प्रश्न, पर्याय नाही, आणि ते कुठल्याही धड्यावर येऊ शकतात. पुढे दोन गुणांच्या प्रश्नांत पाचपैकी चार सोडवायचे, म्हणजे एकच सोडता येतो. चार गुणांच्या प्रश्नांत तीनपैकी दोन. सोडलेल्या दोन धड्यांवरचे दोन प्रश्न जर या तिघांत आले, तर तुझ्याकडे सोडवायला एकच उरला आणि चार गुण जागेवर गेले. सोडायचंच असेल तर धडा सोडू नये, धड्यातला सर्वांत अवघड प्रकार सोडावा. तेही शेवटच्या आठवड्यात, सगळं एकदा करून झाल्यावर.

दुसरा आकडा, म्हणजे अवघडपणा, तयार मिळत नाही आणि मनाला विचारून तर अजिबात मिळत नाही. इतकी वर्षं शिकवताना मी एक गोष्ट पाहिली: मुलं न आवडलेल्या धड्याला अवघड म्हणतात आणि ओळखीच्या धड्याला सोपा. सांख्यिकीचे तक्ते लांबलचक असतात म्हणून ती अवघड वाटते, पण गुण देते. संभाव्यता सगळ्यांना सोपी वाटते, आणि दोन फासे टाकल्यावर नमुना अवकाशात ३६ घटक लिहायचे असतात तिथे (2, 5) आणि (5, 2) एकच समजून गुण घालवतात. म्हणून मोजायचंच.

मोजायची रीत अशी. पेपर ४० गुणांचा आणि वेळ दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. प्रत्येक धड्यावर पाच गुणांची चाचणी काढ: एक गुणाचा एक प्रश्न आणि दोन गुणांचे दोन, किंवा दोन गुणांचा एक आणि तीन गुणांचा एक. जुन्या प्रश्नपत्रिकेतून घे, नाहीतर संकीर्ण प्रश्नसंग्रहातून. सरावसंचातलं पहिलंवहिलं उदाहरण नको, ते मुद्दाम सोपं दिलेलं असतं. पंधरा मिनिटांचं घड्याळ लाव, पुस्तक मिटून ठेव. सहा धड्यांची नव्वद मिनिटं, म्हणजे दोन बैठका संपल्या. तपासायला तू बसू नकोस, मैत्रिणीला दे. स्वतःच्या चुकीला आपण "हे तर येत होतं" म्हणून गुण देऊन टाकतो.

पाचपैकी चार-पाच मिळाले तर त्या धड्याचा गुणक १. दोन-तीन मिळाले तर दीड. शून्य किंवा एक मिळाला तर दोन.

तुझी चाचणी अजून व्हायची आहे, म्हणून पत्रावरून अंदाजाने आकडे घालते. खरे मिळाले की ते घाल. रेषीय समीकरणं येतात म्हणतेस, गुणक १. वर्गसमीकरणं २. श्रेढीबद्दल तू काही लिहिलं नाहीस, म्हणजे अधलीमधली असणार, दीड. अर्थनियोजन २. संभाव्यता १. सांख्यिकी दीड. आता भार गुणिले गुणक:

रेषीय समीकरणं ३ × १ = ३
वर्गसमीकरणं ३ × २ = ६
अंकगणिती श्रेढी २ × १.५ = ३
अर्थनियोजन २ × २ = ४
संभाव्यता २ × १ = २
सांख्यिकी ३ × १.५ = ४.५

बेरीज साडेबावीस. सोळापैकी दोन बैठका चाचणीत गेल्या, वाटायला चौदा. चौदाला साडेबावीसने भागलं की एका वाट्याला ०.६२ बैठक येते. त्याने प्रत्येक धड्याला गुणून जवळच्या पूर्ण आकड्याला आण: रेषीय समीकरणांना २, वर्गसमीकरणांना ४, श्रेढीला २, अर्थनियोजनाला २, संभाव्यतेला १, सांख्यिकीला ३. बेरीज चौदा. अर्थनियोजनाचा आकडा खरं तर अडीचच्या जवळ येतो, तो मी खाली ओढला. सांख्यिकीचा पावणेतीनच्या वर होता, तो वर ढकलला. एवढी ओढाताण चालते, फक्त बेरीज वाढू द्यायची नाही.

तू विचारशील, अवघडाचा गुणक दोनच का, तीन का नाही? करून बघ. अधल्यामधल्याला दोन आणि अवघडाला तीन धरलंस तर बारा गुणांच्या रेषीय समीकरणांना चौदापैकी जेमतेम एक बैठक उरते. येणारा धडा हातचा सुटतो आणि न येणारा पूर्ण येईलच असं नाही. मी स्वतः हे भोगलंय. पदवीच्या दुसऱ्या वर्षी एक घटक मला काही केल्या उमजेना. जिद्दीने नऊ दिवस त्यालाच दिले. पेपरात त्यावर एकच प्रश्न आला, तोही पर्यायी, आणि जे घटक येत होते त्यांची सूत्रं ऐनवेळी आठवेनात. त्या नऊ दिवसांचा राग मला अजून येतो.

आता वर्गसमीकरणांच्या चार बैठका उघडून बघू, कारण तुझं वेळापत्रक तिथेच दोनदा मोडलं. "वर्गसमीकरणं, ४ बैठका" असं लिहिलंस तर ते पुन्हा मोडेल. एकेका बैठकीत नेमकं काय, ते लिहावं लागतं. पहिली बैठक: अवयव पाडून आणि सूत्राने सोडवणं, एवढंच. दुसरी: विवेचकावरून मुळांचं स्वरूप, आणि मुळं व सहगुणक यांचा संबंध. एक-दोन गुणांचे प्रश्न इथून खूप येतात आणि ते पटकन सुटतात. तिसरी आणि चौथी: शाब्दिक उदाहरणं.

शाब्दिक उदाहरणांत तू कुठे अडतेस ते मला पत्र वाचूनच कळलं, कारण सगळी तिथेच अडतात. एक उदाहरण घे, आपल्याच बागेतलं. *२४० आंबे काही पेट्यांत सारखे भरले. प्रत्येक पेटीत ४ आंबे जास्त भरले असते, तर २ पेट्या कमी लागल्या असत्या. तर प्रत्येक पेटीत किती आंबे भरले?*

एका पेटीतले आंबे x मानले, तर पेट्या झाल्या 240/x. चार जास्त भरले तर पेट्या 240/(x + 4). पहिल्यातून दुसरं वजा केलं की दोन उरतात:

240/x − 240/(x + 4) = 2

इथपर्यंत आलीस की खरं काम झालं. पुढे ते सरळ होऊन असं उभं राहतं:

x² + 4x − 480 = 0
(x + 24)(x − 20) = 0

उणे चोवीस आंबे कोणी पेटीत भरत नाही, म्हणून x = 20. पडताळा घे: वीस-वीस भरले तर १२ पेट्या, चोवीस-चोवीस भरले तर १०. दोन कमी, बरोबर.

आता घड्याळ लावून बघ. शेवटचे अवयव पाडायला तुला दोन मिनिटं लागतील, ते पहिल्या बैठकीतच येऊन जातं. दहा मिनिटं जातात ती पहिल्या समीकरणापर्यंत पोचायला. म्हणून तिसऱ्या बैठकीत उदाहरणं सोडवायचीच नाहीत. आठ शाब्दिक उदाहरणं घे आणि प्रत्येकाचं फक्त समीकरण मांड, मग पुढच्यावर जा. पन्नास मिनिटांत आठ मांडणी होतात, पूर्ण सोडवत बसलीस तर तीनच होतील. चौथ्या बैठकीत त्यातली चार निवडून शेवटपर्यंत न्यायची, उत्तर आणि पडताळ्यासकट. तुझे मागचे तीन दिवस या धड्यात का गेले असतील, तर तू एकेक उदाहरण धरून पूर्ण सोडवायला बसलीस, अडलीस, आणि तिथेच बसून राहिलीस.

सगळा अवघडपणा एका जातीचा नसतो, हेही यातून दिसतं. वर्गसमीकरणांत तुला मांडता येत नाही. सांख्यिकीत तुझं अडतं ते निराळं: रीत माहीत आहे, बेरजा-गुणाकार चुकतात. तिथे पन्नास मिनिटं सलग बसून चुका वाढतात, कमी होत नाहीत. त्या तीन बैठका अर्ध्या-अर्ध्या कर, पंचवीस मिनिटांच्या सहा. एका वेळी एकच तक्ता, गृहीतमध्य पद्धतीने मध्य किंवा मध्यक, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त बेरजा पुन्हा खालून वर करायला. अर्थनियोजन तर तू उघडूनच पाहिलेलं नसावंस, "कळतच नाही" हा शब्द सहसा त्याचाच असतो. एक बैठक जीएसटीला, एक शेअर्स आणि म्युच्युअल फंडाला. जीएसटीत १८ टक्के दर असेल तर ९ टक्के केंद्राचा आणि ९ राज्याचा, हे धरून पाच बिलं केलीस की निम्मा धडा हातात येतो.

मग या चौदा बैठका पाच आठवड्यांत कुठे ठेवायच्या? एक धडा संपवून दुसरा, असं करू नकोस. वर्गसमीकरणांच्या चारही बैठका लागोपाठ घेतल्यास तर पुढचा महिनाभर त्यांचं तोंड दिसणार नाही, आणि परीक्षेपर्यंत निम्मं पुसलं जाईल. मी असं मांडेन. चाचण्या पहिल्या दोन दिवसांत. मग पहिल्या आठवड्यात वर्गसमीकरणांची पहिली, मध्ये रेषीय समीकरणं, आणि लगेच वर्गसमीकरणांची दुसरी. दुसऱ्या आठवड्यात शाब्दिक मांडणीची बैठक, सांख्यिकीची पहिली आणि श्रेढी. तिसऱ्यात जीएसटी, सांख्यिकी आणि रेषीय समीकरणांची दुसरी, तिच्यात क्रेमरची पद्धत आणि आलेख. चौथ्यात वर्गसमीकरणांची चौथी, शेअर्स, संभाव्यता. पाचव्या आठवड्यात दोनच: श्रेढी आणि सांख्यिकी. अवघड धडा पहिल्याच आठवड्यात सुरू झाला म्हणजे अडलं तर सरांना विचारायला महिना हाताशी राहतो.

वार ठरवताना एवढं बघ की शाब्दिक उदाहरणांची बैठक सकाळी पडेल. फवारणीहून आल्यावर, अंगाला औषधाचा वास आणि डोळ्यांत झोप असताना, मांडणी होत नाही. त्या दिवशी संभाव्यता कर किंवा रेषीय समीकरणांची उजळणी, ती हाताने होते. दादांना आदल्या दिवशीच विचारून ठेव उद्या जायचंय का, म्हणजे सकाळीच बैठकींची अदलाबदल करता येईल. संध्याकाळी पाय धुऊन आल्यावर ती सुचत नाही.

वेळापत्रक चाललंय की नाही हे पानं किती उलटली त्यावरून कळत नाही. एखाद्या धड्याच्या निम्म्या बैठका झाल्या की तीच पाच गुणांची चाचणी नव्या प्रश्नांवर पुन्हा घे, पंधरा मिनिटांची. वर्गसमीकरणांत एकाचे तीन झाले असतील तर गुणक दोनाचा दीड कर. एखादी बैठक सुटली तर ती अर्थनियोजनाला जाईल. एकाचा एकच राहिला असेल तर मात्र बैठका वाढवून उपयोग नाही. दोन बैठकांत जे हललं नाही ते आणखी दोन बैठकांतही तसंच बसून हलत नाही. ती वही घेऊन सरांकडे जा आणि एकच उदाहरण दाखव, जिथे पेन थांबलं ती ओळ. "सर, वर्गसमीकरणं समजत नाहीत" असं म्हटलंस तर ते पुन्हा सूत्रापासून सुरू करतील आणि तुझा तास जाईल.

आणि बैठक बुडली तर? बुडणारच. तेव्हा सगळं वेळापत्रक एक दिवस पुढे सरकवायचं नाही. तुझी दोन्ही वेळापत्रकं त्यानेच मेली: एक दिवस पुढे, मग तीन दिवस पुढे, मग कागदच फाडला. बुडलेली बैठक रिकाम्या तिसांपैकी एकीत टाकायची आणि बाकीचं जिथल्या तिथे राहू द्यायचं. दुसऱ्या दिवशी चाराच्या पाचही करायच्या नाहीत, कारण पाचवी नीट होत नाही आणि चौथीही बिघडवते. रिकाम्या संपल्याच, तर ज्या धड्याचा गुणाकार सर्वांत लहान, त्यातून एक काढ. बीजगणितात तो संभाव्यतेचा, पण तिला एकच बैठक आहे, म्हणून तिच्यावरच्या श्रेढी आणि रेषीय समीकरणांकडे बघ. दोघींचा गुणाकार ३ आहे, पण रेषीय समीकरणं तुला येतात, त्यांची दुसरी काढ.

बाकी विषयांबद्दल थोडक्यात. विज्ञानाच्या प्रत्येक भागात दहा धडे आणि ४० गुण, त्यामुळे भारात फारसा उंचसखलपणा नाही, तिथे वाटणी गुणकावरच ठरेल. पाच गुणांची चाचणी वीस धड्यांवर घेण्यात वेळ घालवू नकोस. पूर्वपरीक्षेचा तपासलेला पेपर काढ आणि धड्यागणिक किती गुण गेले ते मोज, काम भागतं. भाषांत धडे मोजायचेच नाहीत, विभाग मोजायचे. मराठीच्या पेपरात उपयोजित लेखनाला २४ गुण आहेत आणि स्थूलवाचनाला ६. तरी मुलं स्थूलवाचनाचे पाठ चार-चार वेळा वाचतात आणि पत्र, जाहिरात, बातमी एकदाही लिहून बघत नाहीत. तुझ्या मराठीच्या बारा बैठकांतल्या चार लेखनाला दे, हातात पेन घेऊन.

राहिली जत्रा. आंगणेवाडीची म्हणत असशील तर तिची तारीख कॅलेंडरात छापून येत नाही, देवीचा कौल मिळाला की ठरते. म्हणजे वेळापत्रकात ती आधी लिहिता येत नाही, आणि मुंबईचे पाहुणे घरात उतरले की त्या दोन दिवसांत तुझ्याकडून एक बैठक झाली तरी पुष्कळ. त्या ३० रिकाम्या बैठका आहेत त्यातल्या आठ या दोन दिवसांच्या धर. चार-पाच फवारणीच्या. ताप, वीज जाणं, एसटी उशिरा येणं यांना आणखी सात-आठ. दहाएक तरी उरतील, त्या पाचव्या आठवड्यापर्यंत हात न लावता ठेव. तारीख जाहीर झाली की त्या दोन दिवसांतली बीजगणिताची बैठक, असली तर, आदल्या सोमवारी करून टाक आणि जत्रेला जा. चाचणीचे सहा आकडे आले की मला कळव. श्रेढीचा मी धरलेला दीड मला जरा खटकतोय.